फ्रीज-कूलरच्या स्टॅबिलायझरची जाहिरात: मजकूर बघून चुका सांगा

लक्ष्मीपुरी_काउंटर
मंडळी, दुकानात उद्यमनगरात जोडलेले रिलेवाले स्टॅबिलायझर ठेवतो. आता तेच ऑनलाइन टाकायचे आहेत. मजकूर असा केलाय:

"घरगुती ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर. चालण्याची रेंज १३० ते २९० व्होल्ट. आउटपुट २०० ते २४० व्होल्ट. क्षमता ५०० व्हीए. ३०० लिटरपर्यंतचा फ्रीज आणि सर्व प्रकारच्या कूलरसाठी. ३ मिनिटांचा टाइम डिले, हाय-लो कटऑफ. तुमच्या उपकरणाला संपूर्ण संरक्षण."

गिऱ्हाईक शहरातलं कमी, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा असं लांबचं जास्त. माल परत आला की दोन्ही बाजूचं भाडं माझ्या बोकांडी. म्हणून आधीच सोलून काढा.

तांबडा_पांढरा
चांगलंय की मालक. फक्त १३० च्या जागी ९० टाका. लोक रेंजचा आकडा बघून घेतात, मोठा आकडा म्हणजे भारी माल.

वाइंडिंगवाला
९० टाकून खोक्यातलं वाइंडिंग बदलत नाही रे भावा. मालक, पहिला घोळ १३०-२९० आणि २००-२४० हे दोन आकडे शेजारी बसवण्यात आहे. वाचणाऱ्याला वाटतं, १३० आत गेले तरी बाहेर २०० येणार. तुमच्या खोक्यात पायऱ्या किती आहेत? म्हणजे वाढवायच्या किती, थेट किती, कमी करायच्या किती?

लक्ष्मीपुरी_काउंटर
चार. दोन वाढवायच्या, एक थेट, एक कमी करायची.

वाइंडिंगवाला
मग कागदावर मांडून बघा. रिलेचा स्टॅबिलायझर व्होल्टेज घडवत नाही, एका ठरावीक पटीने गुणतो फक्त. २४० हे २०० च्या १.२ पट. म्हणून बाहेर २०० ते २४० राखायचे असतील तर एक पायरी आतल्या व्होल्टेजचा १.२ पटीचाच पट्टा सांभाळू शकते. चार पायऱ्या म्हणजे १.२ चा चार वेळा गुणाकार, साधारण २.०७. आणि २९० भागिले १३० होतात २.२३. चार पायऱ्यांत ते बसत नाही, पाच लागतात.

या मापाच्या खोक्यात सर्वात वरची पट बहुतेक १.४५ च्या आसपास ठेवलेली असते. खाली १.२१, मग थेट, मग ०.८४. आता १३० आत गेले तर बाहेर १८८. २९० आत गेले तर २४४. खोकं चालू राहतं, ते खरं. पण आउटपुट २०० ते २४० मिळतं ते साधारण १४० ते २८५ मध्ये. त्यातही रिले सारखी टकटक करू नये म्हणून पायरी बदलताना चार-पाच व्होल्टची ढील ठेवावी लागते. म्हणून प्रत्यक्षात १९५ ते २४५ लिहिलं तर कुणी मीटर लावून तुम्हाला खोटं पाडणार नाही.

लक्ष्मीपुरी_काउंटर
म्हणजे दोन ओळी कराव्या लागणार. "चालतो" ची एक, "आउटपुट राखतो" ची एक.

वाइंडिंगवाला
तेच. आणि आकडे माझे घेऊ नका. व्हेरिएकवर लावून, बाहेर १०० वॅटचा पिवळा बल्ब जोडून, १२० पासून ३०० पर्यंत दहा-दहा व्होल्टनी चढवा आणि दोन्हीकडचे आकडे लिहून काढा. परत खाली उतरवताना पुन्हा लिहा, कारण ढिलीमुळे उतरतानाचे आकडे वेगळे येतात. तोच तक्ता फोटो काढून जाहिरातीत टाका.

पंचगंगा_काठ
"सर्व प्रकारच्या कूलरसाठी" हे वाचून घाबरलो. आमच्या दुकानातला काचेच्या दाराचा कूलर सुरू होताना ट्यूबलाइट लवते. ५०० व्हीएचं खोकं त्याला कसं पुरणार?

लक्ष्मीपुरी_काउंटर
अहो, मी पाण्याच्या कूलरबद्दल लिहिलंय. वाळ्याच्या जाळीचा, पंख्याचा.

गारेगार
मालक, त्यांनी वाचलं तसंच निम्मं गिऱ्हाईक वाचणार. किराणा, बेकरी, दुधाच्या काउंटरवाल्याला "कूलर" म्हटलं की थंड बाटल्यांचं काचेचं कपाटच दिसतं. तो तुमचं ५०० चं खोकं त्याला जोडेल, आठ दिवसांत रिलेचे पॉइंट चिकटतील, आणि तुमचं भाडं तुमच्या बोकांडी.

दोन्ही कूलर लिहा, पण वेगळे. पाण्याच्या कूलरला पंख्याची मोटर आणि एक छोटा पंप, बहुतेक १०० ते २५० वॅट. कॉम्प्रेसर नाही. काचेच्या कूलरला कॉम्प्रेसर आहे, आणि तो घरच्या फ्रीजपेक्षा मोठा. दोघांचं नाव एक, काम पूर्ण वेगळं.

सुजाता_कळंबा
पाण्याच्या कूलरला स्टॅबिलायझर लागतोच असं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहा. १८०-१९० ला पंखा हळू फिरतो, वारा कमी येतो, एवढंच. १५० च्या आसपास मात्र पंप अडखळतो आणि पंख्याची मोटर सुरू होताना नुसती गुणगुणते. तशी मोटर तासभर चालू ठेवली तर तापून वाइंडिंगचा वास येतो. तिथे स्टॅबिलायझरचा उपयोग आहे. आणि कूलरला तीन मिनिटांच्या डिलेची काही गरज नाही. उलट लोक बटण दाबतात, कूलर सुरू होत नाही, आणि "खोकं बंद आलं" म्हणून तुम्हाला फोन करतात.

लक्ष्मीपुरी_काउंटर
असे फोन खरंच येतात. डिले बंद करायचं बटण आहे आमच्या मॉडेलला, मागच्या बाजूला.

गारेगार
मग ते ठळक लिहा, आणि फ्रीजला ते बंद करू नका असंही लिहा. कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅसचा दाब एका बाजूला चढलेला असतो, तो दोन्हीकडे सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. शिवाय साध्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरला स्टार्ट द्यायला जी पीटीसीची टिकली असते, ती गरम असताना स्टार्टिंग वाइंडिंगला करंट देत नाही. लाइट गेली आणि दहा सेकंदांत आली, की कॉम्प्रेसर जागचा हलत नाही, घुमतो, आणि मागे ओव्हरलोड टक् करून तोडतो. डिले ते टाळण्यासाठी आहे. लोक त्याला "खोकं उशिरा चालू होतं" म्हणून शिव्या घालतात.

तांबडा_पांढरा
पण आता सगळे इन्व्हर्टर फ्रीज घेतात. त्याला स्टॅबिलायझर लागत नाही, कंपनीच सांगते. मग ही जाहिरात कुणासाठी?

सुजाता_कळंबा
अर्धं बरोबर. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे सुरू होताना करंटचा झटका नसतो, आणि त्याचं कार्ड बऱ्याच कमी व्होल्टेजवर चालतं. त्याची रेंज मॅन्युअलमध्ये छापलेली असते, ती बघा. तुमच्या घरचं व्होल्टेज त्या आत असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर घेणं म्हणजे पैसे वाया. पण न्यूट्रल तुटला की एका फेजवर ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा कार्ड जातं, आणि कार्ड कॉम्प्रेसरच्या खालोखाल महाग.

वाइंडिंगवाला
त्या ४०० ला हे खोकंही टिकेल याची खात्री नाही हं ताई. हाय-कट रिले तोडेल, पण कंट्रोलचा छोटा ट्रान्सफॉर्मर लाइनवरच असतो, तो जळतो. फ्रीज वाचला, खोकं गेलं, हा सौदा मला चालतो. मात्र "संपूर्ण संरक्षण" हे शब्द काढा. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग उपटणं हाच उपाय, कुठलंही रिलेचं खोकं त्याला पुरत नाही.

तांबडा_पांढरा
मग इन्व्हर्टर फ्रीजवाल्याने घ्यायचं की नाही, एकच सांगा.

सुजाता_कळंबा
मी म्हणेन रेंजमध्ये असाल तर नको, मीटरजवळ ओव्हर-व्होल्टेजचं वेगळं उपकरण बसवा.

वाइंडिंगवाला
मी म्हणेन घ्या. ते उपकरण बसवायला वायरमन लागतो, हे नुसतं प्लगमध्ये खोचायचं. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

शिरोळकर
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे असाच ५०० व्हीएचा, १३०-२९० वाला आहे, १९० लिटरच्या साध्या फ्रीजला. संध्याकाळी डिस्प्लेवर १६८ दिसतात, म्हणजे रेंजमध्येच. तरी तीन मिनिटं थांबतो, फ्रीज सुरू करतो, लगेच टकटक दोनदा वाजतं आणि परत तीन मिनिटं. रात्री अकरानंतर नीट चालतो. खोकं खराब आहे ना? ९० पासूनचा घेऊ का?

तांबडा_पांढरा
बघा, मी म्हणत होतो ९० वाला.

वाइंडिंगवाला
थांबा, लगेच पैसे घालू नका. फ्रीज बंद करा, खोकं काढा. त्याच सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज लिहा. मग त्याच सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावा, इस्त्रीचा दिवा पेटलेला असताना पुन्हा लिहा. दिवा विझला की आकडा उपयोगाचा नाही. हे संध्याकाळीच करा. सॉकेट सैल असेल, प्लग गरम होत असेल तर करू नका, आधी सॉकेट बदला.

शिरोळकर
केलं. नुसतं १६८. इस्त्री चालू असताना १५६.

वाइंडिंगवाला
हिशोब अगदी ढोबळ आहे, पण कामाला येतो. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध साधारण ५३ ओहम. १५६ व्होल्टला ती जवळजवळ ३ अँपिअर ओढते. ३ अँपिअरला १२ व्होल्ट पडतात म्हणजे तुमच्या लाइनमध्येच ४ ओहम बसलेत. खांबापासून सॉकेटपर्यंत नीट जोडलेली वायर असेल तर एक ओहमच्या आसपास, फार तर दीड. म्हणजे वाटेत कुठला तरी सांधा खराब असणार.

आता फ्रीज. चालताना तो एखादा अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर ८ अँपिअर धरा. १६८ ला तुमचं खोकं १.२१ च्या पायरीवर आहे. बाहेर ८ द्यायचे तर आत त्यापेक्षा जास्त ओढावे लागतात, कारण वाढवलेलं व्होल्टेज फुकट येत नाही. ४ ओहममध्ये तेवढा करंट गेला की आतलं व्होल्टेज १६८ वरून १४० च्या घरात कोसळतं. खोक्याला वाटतं, लाइन पडली. ते वरची १.४५ ची पायरी टाकतं. ही तुमची पहिली टक्. पायरी वाढली की लाइनवरून आणखी ओढतं, व्होल्टेज आणखी पडून १३० ला टेकतं. लो-कट लागतो, ही दुसरी टक्. फ्रीज बंद झाला की लाइन परत १६८. डिस्प्लेवर सगळं आलबेल, आणि तीन मिनिटांनी पुन्हा तेच.

९० पासूनचा घेतलात तर लो-कट लागणार नाही, पण कॉम्प्रेसर पडक्या व्होल्टेजवर घुमत बसेल. आता निदान तो वाचतोय.

शिरोळकर
मग रात्री का चालतं?

वाइंडिंगवाला
उसाच्या मोटारी बंद झाल्या की खांबावरचंच व्होल्टेज वर येतं, म्हणून पडलं तरी १३० च्या वर राहतं. सांधा रात्रीही तितकाच खराब असतो.

गारेगार
कॉम्प्रेसरच्या बाजूने एक भर. जोर व्होल्टेजच्या वर्गावर जातो. २३० ऐवजी १६० मिळाले तर सुरू व्हायचा जोर निम्म्याखाली येतो. म्हणून "फ्रीज चालू तर होतोय" यावर जाऊ नका. मागच्या बाजूला कान लावा. सुरू होताना एका सेकंदात आवाज सुटा झाला तर ठीक. चार-पाच सेकंद जड घूं आणि मग टक् आलं तर ओव्हरलोड तोडतोय.

सुजाता_कळंबा
शिरोळकर दादा, दोष आत की बाहेर ते वायरमनकडून काढून घ्या. इस्त्री चालू ठेवून मीटरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर मोजायचं आणि सॉकेटवर मोजायचं. मीटरजवळही १५६-१५७ असेल तर घोळ खांब ते मीटर, ते काम वीज कंपनीचं, १९१२ वर तक्रार नोंदवा. मीटरजवळ १६६ आणि सॉकेटवर १५६ असेल तर तो तुमच्या घरात. मेन स्विचचा न्यूट्रलचा स्क्रू, काळा पडलेला किटकॅट किंवा पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड, याच तीन जागा आधी बघा. स्वतः हात घालू नका, मीटरची टोकं जिवंत असतात.

शिरोळकर
वायरमनने बघितलं. मीटरजवळ १६५, सॉकेटवर १५६. मेनच्या खाली न्यूट्रल अ‍ॅल्युमिनियमची आणि पुढची तांब्याची, नुसती पिळून टेप मारलेली. टेप वितळलेली. त्याने जोड कापून पितळी कनेक्टर टाकला. आता इस्त्री लावली की १६८ चे १६४ होतात. फ्रीज सुरू होताना एकच टक् येते आणि चालतो. ही टक् राहणारच का?

वाइंडिंगवाला
राहणार. १२ चे ४ झाले म्हणजे लाइन दीड ओहमच्या आत आली. एक पायरी वर जाणं हे खोक्याचं कामच आहे. अ‍ॅल्युमिनियम-तांबं एकत्र पिळलं की तो जोड कधी ना कधी सैल होतोच, पावसाळ्यानंतर कनेक्टरचा स्क्रू मेन बंद करून एकदा आवळून घ्या.

लक्ष्मीपुरी_काउंटर
मालक म्हणून मला यातून एकच कळलं, निम्मा परत आलेला माल चांगला असणार. इस्त्रीची चाचणी जाहिरातीतच टाकतो. आता क्षमतेचं सांगा. ३०० लिटर लिहू का नको?

गारेगार
लिहा, पण लिटर हे कपाटाचं माप आहे, मोटरचं नाही. फ्रीजच्या मागच्या पाटीवर अँपिअर छापलेले असतात, ते मागवा. ५०० व्हीए म्हणजे २३० ला साधारण २.१७ अँपिअर. पण १४० आत असताना बाहेर २.१७ द्यायला खोकं आत ३ च्या वर ओढतं, तेव्हा ते जास्त तापतं. म्हणून पाटीवर दीड अँपिअरपर्यंत असेल तरच ५०० द्या. घरचा १८० ते ३०० लिटरचा फ्रीज बहुतेक त्यात बसतो. काचेचा कूलर किंवा डीप फ्रीझर असेल तर सरळ मोठं खोकं.

पंचगंगा_काठ
मोठं म्हणजे किती? माझ्या काचेच्या कूलरच्या पाटीवर २.६ अँपिअर आहे.

गारेगार
१ केव्हीए पुरेल. २.६ गुणिले २३० म्हणजे ६०० व्हीएच्या आत.

वाइंडिंगवाला
मी २ केव्हीए देईन. चालतानाचा आकडा बरोबर आहे, पण सुरू होताना पंधरा-वीस अँपिअरचा झटका रिलेच्या पॉइंटवरून जातो, आणि दुकानात दार शंभरदा उघडतं म्हणून कॉम्प्रेसर दिवसभर सुरू-बंद.

गारेगार
१ केव्हीएत रिले ३० अँपिअरची असेल तर झटका सोसते. खोकं उघडून रिलेवरचा आकडा बघा, व्हीए बघून काय कळणार?

वाइंडिंगवाला
रिलेवरचा आकडा इस्त्रीसारख्या लोडसाठी छापतात, मोटरला तो धरता येत नाही.

लक्ष्मीपुरी_काउंटर
तुमचं चालू दे. मी मजकूर बदलला, बघा:

"फ्रीजसाठी ५०० व्हीए रिले स्टॅबिलायझर, चार पायऱ्या. १३० ते २९० व्होल्टमध्ये चालू राहतो. १४० ते २८५ मध्ये आउटपुट १९५ ते २४५, तपासणीचा तक्ता फोटोत. कॉम्प्रेसरच्या फ्रीजसाठी, पाटीवरचा करंट १.५ अँपिअरपर्यंत, साधारण १८० ते ३०० लिटर. काचेच्या दाराच्या कूलरला आणि डीप फ्रीझरला चालणार नाही, त्यासाठी आधी पाटीचा फोटो पाठवा. पाण्याच्या कूलरला चालेल, व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तरच घ्या. तेव्हा मागचं डिलेचं बटण बंद ठेवा. फ्रीजला ते चालूच हवं, लाइट आल्यावर ३ मिनिटं थांबणं हा दोष नाही. इन्व्हर्टर फ्रीज असेल तर आधी मॅन्युअलमधली रेंज बघा. वीज पडणे आणि न्यूट्रल तुटणे यापासून संरक्षणाची हमी नाही. घेण्यापूर्वी त्याच सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावून बघा. व्होल्टेज ८ पेक्षा जास्त पडत असेल तर आधी वायरिंग तपासा."

सुजाता_कळंबा
"एका वेळी एकच उपकरण" हेही घाला. लोक फ्रीजच्या खोक्यावर मल्टिप्लग लावून मिक्सर चालवतात.

वाइंडिंगवाला
आणि १३० ते १४० मध्ये आउटपुट १८८ पर्यंत उतरतं, तेही त्याच ओळीत येऊ दे. लपवलं असं वाटायला नको.

तांबडा_पांढरा
एवढं लिहिल्यावर कोण घेणार?

लक्ष्मीपुरी_काउंटर
ज्याला चालणार तो. दोन्ही ओळी घालतो. २ केव्हीए की १ केव्हीए ते ठरलं की काचेच्या कूलरचं वेगळं पान करू. तोवर काठवाले, तुमच्या पाटीचा फोटो आणि इस्त्रीचे दोन आकडे टाका.